स्लॅबची सळई बांधणी

सळई बांधणी म्हणजे काँक्रीट ओतण्यापूर्वी पोलादी सळया ठरलेल्या जागी मांडून, त्यांच्या फुल्या मऊ तारेने आवळून जाळी तयार करण्याची क्रिया होय. या तारेला बांधकामावर 'बाइंडिंग तार' म्हणतात, तर हे काम करणाऱ्या कारागिराला 'फिटर' म्हणतात. प्रस्तुत लेखात एका खोलीवरील लहान स्लॅबच्या जाळीचा विचार केला आहे. उदाहरण व परिस्थिती बुलढाणा जिल्ह्यातील ग्रामीण घरबांधणीची आहे.

वऱ्हाडात पूर्वी धाब्याची घरे सर्वत्र दिसत. धाब्याचा भार लाकडी सऱ्या व कड्या वाहत, आणि त्या खालून डोळ्यांना दिसत असल्याने एखादी कुजली की घरच्यांना ते कळत असे. स्लॅबमध्ये भार वाहणारे पोलाद काँक्रीटच्या आत कायमचे झाकले जाते. जाळीतील चूक ओतकामाच्या दिवशी अदृश्य होते आणि पुढे कित्येक वर्षांनी तड्यांच्या किंवा गंजाच्या रूपाने वर येते. म्हणून जाळी तपासण्याची खरी वेळ ओतकामापूर्वीचीच असते.

## तार काय करते आणि काय करत नाही

बाइंडिंग तार सळयांना बळ देते, हा समज चुकीचा आहे. स्लॅबवर येणारा भार तार वाहत नाही. काँक्रीट दाब चांगला सोसते, पण ताण फारसा सोसत नाही. भाराने स्लॅब किंचित वाकला की त्याची खालची बाजू ताणली जाते, आणि तो ताण तेथील सळया घेतात. काँक्रीट घट्ट झाल्यावर सळई व काँक्रीट यांच्यातील पकडच सर्व काम करते, तारेची गाठ तेव्हा निरुपयोगी झालेली असते.

तारेचे काम त्याआधीच्या काही तासांचे आहे. मजूर जाळीवरून चालतात, घमेली रिकामी होतात, काँक्रीट ओढले व ठोकले जाते. या धामधुमीत प्रत्येक सळई आपल्या जागेवरून हलू नये, एवढ्यासाठीच गाठ असते. सळयांमधील अंतर, सळयांचे जोड आणि सळईखालील काँक्रीटचा थर या तिन्ही गोष्टी म्हणजे सळईच्या जागेचेच तीन प्रश्न आहेत.

ही तार भट्टीत तापवून मऊ केलेली, काळसर रंगाची असते. सामान्यतः १८ गेजची, म्हणजे सुमारे १.२ मिमी जाडीची तार लहान स्लॅबला वापरली जाते. मऊपणामुळे ती पिळल्यावर तुटत नाही आणि सोडल्यावर उलगडत नाही. ताठ जस्ती तार यासाठी सोयीची नसते.

## उदाहरणादाखल स्लॅब

आतून २.४ मीटर रुंद व ५.२ मीटर लांब अशी एक खोली घेऊ. चारही भिंती २३० मिमी जाडीच्या आहेत आणि स्लॅब भिंतींच्या बाहेरच्या कडेपर्यंत जातो. त्यामुळे स्लॅबचे बाहेरील माप २.८६ मीटर × ५.६६ मीटर होते. जाडी १२० मिमी, काँक्रीट एम २० प्रतीचे आणि सळया एफई ५०० प्रतीच्या, ८ मिमी व्यासाच्या आहेत. ही मापे समजुतीसाठी आहेत. प्रत्यक्ष स्लॅबची जाडी व सळया अभियंत्याच्या आराखड्यावरून ठरतात. भिंतीवरील टेकूजवळ वरच्या बाजूस लागणाऱ्या सळया येथे हिशेबात धरलेल्या नाहीत.

या खोलीची लांबी रुंदीच्या दुपटीहून अधिक आहे. अशा वेळी भार मुख्यतः आखूड दिशेने, म्हणजे २.४ मीटरच्या अंगाने भिंतींवर जातो. म्हणून मुख्य सळया आखूड दिशेने टाकतात. त्यांना काटकोनात, लांब दिशेने येणाऱ्या सळयांना वाटप सळया म्हणतात. त्या भार बाजूला पसरवतात आणि काँक्रीट आकसताना पडणाऱ्या तड्यांना आवर घालतात. मुख्य सळया खाली व वाटप सळया त्यांच्यावर, हा क्रम बदलता कामा नये. लांब सळया आधी अंथरणे हाताला सोपे वाटते, आणि त्यातूनच हा क्रम उलटतो. तसे झाल्यास मुख्य सळई ८ मिमी वर सरकते आणि स्लॅबची ताकद तेवढ्या प्रमाणात घटते.

## अंतराची आखणी

समजा, आराखड्यात मुख्य सळया १५० मिमी अंतरावर व वाटप सळया २५० मिमी अंतरावर दाखवल्या आहेत. हे अंतर एका सळईच्या मध्यापासून शेजारच्या सळईच्या मध्यापर्यंत मोजतात, दोन सळयांमधील मोकळ्या जागेचे नव्हे.

सेंट्रिंगच्या पत्र्यांना तेल लावण्याचे काम सळया चढवण्यापूर्वीच उरकावे लागते. तेल सळईला लागले तर काँक्रीटची पकड सुटते. त्यानंतर पत्र्यावर खडूने खुणा करतात. पहिली सळई स्लॅबच्या कडेपासून सुमारे ३० मिमी आत येते. दोन टोकांच्या सळयांमध्ये ५.६० मीटर अंतर उरते. दीडशे मिमीचे ३७ गाळे पडल्यावर शेवटी ५० मिमीचा एक लहान गाळा उरतो. गाळे एकूण ३८ झाले, म्हणून सळया ३९ लागतात. सळयांची संख्या गाळ्यांपेक्षा एकाने अधिक असते, हे विसरल्याने एक सळई कमी पडण्याची चूक नेहमी आढळते. याच रीतीने आडव्या २.८० मीटरमध्ये १२ गाळे व १३ वाटप सळया बसतात.

खडूऐवजी हाताच्या वितीने अंतर धरण्याची सवय बऱ्याच ठिकाणी दिसते. मोठ्या माणसाची वीत साधारण २०० ते २२० मिमी भरते. अंतर १५० वरून २१० मिमी झाले की दर मीटर रुंदीतील मुख्य पोलाद सुमारे ३० टक्क्यांनी घटते. जाळी वरवर पाहताना हा फरक डोळ्यांत भरत नाही.

आयएस ४५६ : २००० या भारतीय मानकाने अंतराची कमाल मर्यादाही घातली आहे. मुख्य सळयांतील अंतर स्लॅबच्या परिणामी खोलीच्या तिप्पट किंवा ३०० मिमी, यांपैकी जे कमी असेल त्याहून जास्त नसावे. परिणामी खोली म्हणजे स्लॅबच्या वरच्या पृष्ठापासून मुख्य सळईच्या मध्यापर्यंतचे अंतर. आपल्या स्लॅबमध्ये ती ९६ मिमी आहे, म्हणून मर्यादा २८८ मिमी येते. ही मर्यादा ओलांडायची नसते एवढाच तिचा अर्थ. आराखड्यातील १५० मिमी अंतर तेथपर्यंत वाढवण्याची ती मुभा नव्हे.

## गाठ मारण्याची रीत

तारेच्या वेटोळ्यातून सुमारे ३० सेंटिमीटरचे तुकडे कापून ते मध्यावर दुमडतात. दुमडलेला तुकडा फुलीखालून तिरपा घालतात. एका बाजूला दुमडीचा फासा व दुसऱ्या बाजूला तारेची दोन टोके वर येतात. फिटर आपल्या हातातील आकडा फाशात अडकवतो, टोके त्यावरून घेतो आणि आकडा ओढून दोन-तीन वेढे फिरवतो. तार सळईला चिकटली की थांबायचे. आणखी पीळ दिला तर तार तुटते किंवा तुटण्याच्या बेतात येते, आणि अशी गाठ पहिल्या पावलासरशी सुटते.

सगळ्या गाठी एकाच तिरप्या दिशेने मारल्या तर जाळी ढकलल्यावर तिरकी होते, चौकोनांचे समांतरभुज चौकोन बनतात. म्हणून शेजारच्या गाठींची दिशा आलटून पालटून ठेवतात. पिळलेली टोके वर, जाळीच्या आत वळवतात. ती खाली लोंबत राहिली तर सळईखालील काँक्रीटच्या थरात शिरतात. टोक छताच्या पृष्ठापर्यंत पोहोचले की ओलावा आत जाण्यास वाट मिळते आणि पुढे छतावर गंजाचे ठिपके दिसू लागतात.

आपल्या जाळीत ३९ व १३ सळयांच्या मिळून ५०७ फुल्या होतात. त्यांपैकी कडेच्या चारही बाजूंच्या १०० फुल्या सर्वच बांधतात. आतील ४०७ फुल्यांपैकी एक सोडून एक बांधली तरी जाळी घट्ट राहते. अशा सुमारे ३०० गाठी होतात आणि त्यांना एक किलोच्या आत-बाहेर तार लागते. म्हणजे तार वाचवून होणारी बचत नगण्य आहे. गाठी गाळण्यामागे खरे कारण तारेचे नसून वेळेचे असते.

## जोडाची लांबी

सळई अपुरी पडली की दुसरी सळई तिच्या शेजारी काही लांबीपर्यंत समांतर ठेवून बांधतात. या समांतर भागाला 'लॅप' म्हणतात. एका सळईतील ताण आधी भोवतालच्या काँक्रीटमध्ये उतरतो आणि तेथून दुसऱ्या सळईत जातो. ही देवाणघेवाण पुरी होण्यास ठरावीक लांबी लागते. तारेच्या चार गाठी वाढवून ही लांबी कमी करता येत नाही, कारण ताण तारेतून जातच नाही.

एम २० काँक्रीट व एफई ५०० सळई असताना मानकातील सूत्राप्रमाणे ही लांबी व्यासाच्या सुमारे ५७ पट येते. आठ मिमीच्या सळईसाठी ती ४५६ मिमी, व्यवहारात ४६० मिमी धरावी. जुन्या एफई ४१५ सळईसाठी हेच प्रमाण सुमारे ४७ पट होते. सळईची प्रत बदलली तरी लॅप जुन्याच सवयीने ठेवला जातो. काही ठिकाणी तर तो अंदाजाने फूटभरच असतो. फूटभर म्हणजे ३०५ मिमी, आवश्यक लांबीच्या दोन तृतीयांश.

उदाहरणातील स्लॅबला वास्तविक एकही लॅप लागत नाही. बाजारात सळई १२ मीटर लांबीची मिळते. दोन्ही टोकांना सुमारे २५ मिमी काँक्रीट सोडल्यावर मुख्य सळईची लांबी २.८१ मीटर व वाटप सळईची ५.६१ मीटर भरते. एका सळईतून चार मुख्य किंवा दोन वाटप सळया निघतात. ३९ मुख्य सळयांना १० आणि १३ वाटप सळयांना ७ अशा एकूण १७ सळया पुरतात. व्यासाच्या मिलिमीटरमधील वर्गाला १६२ ने भागले की एक मीटर सळईचे वजन किलोग्रॅममध्ये मिळते. आठ मिमीसाठी ते ०.३९५ किलो आहे. त्यावरून सर्व सळयांचे वजन सुमारे ८१ किलो होते. ट्रॅक्टरमधून आणण्यासाठी सळया मध्यावर दुमडलेल्या असल्या तरी अडचण येत नाही. दुमडीवर कापल्यास मिळणाऱ्या सहा मीटरच्या तुकड्यातून दोन मुख्य किंवा एक वाटप सळई निघतेच.

मुख्य सळया कापून उरलेले तुकडे मात्र मोहात पाडतात. सळई न दुमडता आणली असेल तर प्रत्येक सळईमागे ७६ सेंटिमीटरचा तुकडा उरतो. 'हे जोडून आणखी एक सळई करू' असा विचार सहज सुचतो. हिशेब असा आहे : दोन तुकडे ४६ सेंटिमीटर लॅप देऊन जोडले की केवळ १.०६ मीटर लांबी मिळते, आणि पुढचा प्रत्येक तुकडा फक्त ३० सेंटिमीटरची भर घालतो. २.८१ मीटरची एक सळई करण्यास असे आठ तुकडे, म्हणजे ६.०८ मीटर पोलाद लागेल. तीन-चार तुकड्यांत ही सळई झालेली दिसली तर लॅप आखूड ठेवले आहेत, हे मोजण्याआधीच ओळखावे. तुकड्यांचा योग्य उपयोग म्हणजे वरच्या सळया उचलून धरणाऱ्या खुर्च्या करणे.

खोली लांब असेल तेव्हा वाटप सळयांना लॅप द्यावाच लागतो. अशा वेळी सर्व लॅप एका रेषेत येऊ देत नाहीत. एका ठिकाणी निम्म्याहून अधिक सळया जोडू नयेत, आणि लॅपच्या मध्यांमधील अंतर लॅपच्या लांबीच्या किमान १.३ पट, म्हणजे येथे ६०० मिमी ठेवावे, असे मानक सांगते. मुख्य सळईचा जोड गाळ्याच्या मध्याजवळ घेत नाहीत, कारण तेथे ताण सर्वाधिक असतो. लॅपवर दोन्ही टोकांना व मध्ये अशा तीन गाठी मारतात.

## कव्हर आणि ठोकळे

सळईच्या पृष्ठापासून काँक्रीटच्या जवळच्या पृष्ठापर्यंतच्या थराला 'कव्हर' म्हणतात. सौम्य वातावरणातील स्लॅबसाठी ते २० मिमी धरतात. पाऊस व ओल यांच्याशी अधिक संबंध येणाऱ्या भागांसाठी मानकाने ३० मिमी व त्याहून अधिक कव्हर सांगितले आहे. प्रत्यक्ष कव्हर ठरलेल्यापेक्षा कमी असू नये आणि १० मिमीहून अधिक वाढू नये, अशी सूट आहे.

कव्हर कमी झाले की गंज लवकर येतो. ताजे काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असते आणि त्यामुळे सळईवर संरक्षक पापुद्रा टिकतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरून हा अल्कधर्मीपणा घालवतो. तो किती खोल गेला हे साधारणपणे काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणून कव्हर २० ऐवजी १० मिमी राहिले, तर सळईपर्यंत पोहोचण्याचा काळ निम्मा नव्हे, तर सुमारे चौथाई होतो. गंजलेले पोलाद फुगते, आतून काँक्रीट फोडते, आणि छताखाली सळईच्या रेषेत तडे व पोपडे दिसतात.

कव्हर वाढले तरी तोटाच होतो. उदाहरणातील सळई २० मिमी वर उचलली गेली, तर परिणामी खोली ९६ वरून ७६ मिमी होते आणि स्लॅबची वाकण्याविरुद्धची ताकद सुमारे पाचव्या हिश्शाने घटते. पोलाद मात्र तितकेच लागलेले असते.

हे अंतर राखण्यासाठी जाळीखाली ठोकळे ठेवतात. ते सिमेंट-रेतीच्या घट्ट मसाल्याचे, नेमक्या २० मिमी उंचीचे करून किमान आठवडाभर पाण्यात ठेवावेत. ओल्या मसाल्यात तारेचा तुकडा रोवला की ठोकळा सळईला बांधता येतो. तयार ठोकळेही दुकानात मिळतात. ठोकळा सर्वांत खालच्या, म्हणजे मुख्य सळईखाली येतो. आठ मिमीची सळई पायाखाली सहज लवते, म्हणून ठोकळे सुमारे पाऊण मीटरवर ठेवतात. या स्लॅबला ५ ओळींत ९ प्रमाणे ४५ ठोकळे पुरतात.

ठोकळ्यांऐवजी गिट्टीचे खडे ठेवण्याची रीत सर्रास आढळते. खडा कधी ३० मिमीचा, कधी १५ मिमीचा असतो आणि धक्क्याने कलंडतो. विटेचा तुकडा पाणी शोषतो. लाकडाची चीप कुजून पोकळी करते. सळईचा तुकडा ठेवणे सर्वांत वाईट, कारण तो छताच्या पृष्ठावर उघडा राहून गंजाला थेट जाळीपर्यंत नेतो.

## खारपाणपट्टा

बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरील व घाटाखालील असे दोन भाग पडतात. घाटाखाली पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तो अकोला व अमरावती जिल्ह्यांतही पसरलेला आहे. जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव, नांदुरा व मलकापूर या तालुक्यांतील काही गावांत विहिरींचे व बोअरचे पाणी खारट असते.

अशा पाण्यातील क्लोराइड सळईवरील संरक्षक पापुद्रा फोडते, मग कार्बन डायऑक्साइड आत पोहोचण्याची वाटही पाहावी लागत नाही. सळईयुक्त काँक्रीट कालवण्याच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, अशी मर्यादा मानकाने घातली आहे. खारे पाणी काँक्रीटमध्ये कालवले तर क्षार सळईला पहिल्या दिवसापासूनच भिडलेले असतात. कितीही चोख कव्हर त्यांना अडवू शकत नाही. म्हणून कालवण्यासाठी गोडे पाणी आणावे, आणि तेच पाणी ठोकळे करण्यास व स्लॅबवर मारण्यास वापरावे. बोअरच्या पाण्याची शंका असल्यास ते आधी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे.

## ओतकामापूर्वीची तपासणी

तपासणीस फितीखेरीज फारसे साधन लागत नाही. सलग दहा गाळ्यांचे एकत्र माप घेतात. मुख्य सळयांसाठी ते १.५० मीटरच्या आसपास भरले पाहिजे. एकेक गाळा मोजण्यापेक्षा यात लबाडी व चूक दोन्ही लवकर उघड होतात. नंतर प्रत्येक लॅपला फीत लावतात. जाळीवरून एकदा चालून पाहिले की जेथे सळई दबून पत्र्याला टेकते, तेथे ठोकळा कमी आहे हे समजते. सळईवरील हलका तांबूस गंज चालतो. हाताने पापुद्रे निघत असतील तर तारेच्या ब्रशने ते काढावे लागतात.

ओतकाम चालू असताना मजुरांनी चालण्यासाठी जाळीवर फळ्या टाकतात, आणि एक फिटर आकडा घेऊन शेवटपर्यंत हजर ठेवतात. सुटलेली गाठ व कलंडलेला ठोकळा त्या वेळीच सावरता येतो.

या लेखातील मांडणी चारही बाजूंनी टेकलेल्या स्लॅबची आहे. भिंतीबाहेर झुलणाऱ्या छज्जाला ती लागू पडत नाही. छज्जात ताण वरच्या बाजूस येतो, म्हणून मुख्य सळया वर असतात आणि त्या खुर्च्यांवर उचलून धराव्या लागतात. त्या पायाखाली दबून तळाशी गेल्या तर आधार काढताच छज्जा कोसळू शकतो. सळई तीच आणि तितकीच असते, केवळ तिची जागा बदललेली असते.